मुलीच्या कॉलेजसाठी सोनं साठवताना आधी भाव पाडून बघा

भांडुपला राहणारी माझी मावसबहीण थोरल्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या वेळी चार बांगड्या घेऊन सराफाकडे गेली, तेव्हा मी तिच्यासोबत होतो. सीट मिळाली होती आणि फी भरायला तीन दिवस होते. घरी तिने काट्यावर वजन करून ठेवलं होतं, बरोबर 40 ग्रॅम. पेपरातला भाव गुणिले 40, असा तिचा हिशोब पक्का होता.

सराफाने बांगड्या आधी तपासणीच्या मशीनवर ठेवल्या. पडद्यावर आकडा आला 88. बांगड्या 22 कॅरेटच्या म्हणून घेतलेल्या, म्हणजे तिथे 91.6 यायला हवं होतं. हॉलमार्क सक्तीचा होण्याच्या कितीतरी आधीचा माल, टाके भरताना मिसळलेला धातू, सगळं त्या आकड्यात उतरलं. 40 ग्रॅममध्ये शुद्ध सोनं निघालं 35.2 ग्रॅम. त्यातून वितळवण्याची घट म्हणून 2 टक्के वजा, उरलं साधारण साडेचौतीस ग्रॅम. शिवाय ताईने पेपरातला जो भाव धरला होता तो 24 कॅरेटचा होता, म्हणजे तिच्या मनातल्या रकमेतून साडेपाच ग्रॅम सोनं त्या टेबलावरच गायब झालं. लग्नात दिलेली घडणावळ तर कधीच गेलेली. उरलेले पैसे भाऊजींनी ऑफिसच्या पतपेढीतून काढले.

धाकटीच्या वेळी असं होऊ नये म्हणून ताई माझ्यासमोर वही घेऊन बसली. मुलगी यंदा पाचवीत आहे. त्या वहीत आम्ही जे केलं, ते इथे पायरीपायरीने मांडतो. सोनं कुठल्या रूपात घ्यायचं हा प्रश्न त्यात आहेच. पण त्याआधी सोनं एकूण किती घ्यायचं, आणि भाव पडला तर आपलं काय होईल, हे ठरवावं लागतं. बहुतेक घरांत हा दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही.

पहिली पायरी: लागणारी रक्कम रुपयांत आणि वर्षावर लिहा

"मुलीसाठी वीस तोळे" हे उद्दिष्ट कॉलेजसाठी चालत नाही. कॉलेज फी रुपयांत घेतं आणि ठरलेल्या तारखेला घेतं. म्हणून वहीत पहिला आकडा रुपयांचा हवा.

ताईने खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजची आजची फी वर्षाला 2 लाख धरली. तुम्ही तुमच्या मनातल्या दोन-तीन कॉलेजांची चालू वर्षाची फी बघा. महाराष्ट्रात खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यामुळे आकडा उघडपणे मिळतो. फी दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढेल असं आम्ही धरलं. मुलगी पाचवीत, म्हणजे प्रवेशाला आठ वर्षं. तेव्हा पहिल्या वर्षाची फी होते 3 लाख 70 हजार, दुसऱ्या वर्षाची 4 लाख, तिसऱ्या वर्षाची 4 लाख 32 हजार आणि चौथ्या वर्षाची 4 लाख 66 हजार. एकूण जवळपास 16 लाख 70 हजार.

हे चार आकडे वेगवेगळे लिहा, एकाच बेरजेत मिसळू नका. सगळे पैसे एका दिवशी लागत नाहीत, पहिला हप्ता आठव्या वर्षी आणि शेवटचा अकराव्या वर्षी. सोन्यासारख्या वरखाली होणाऱ्या गोष्टीसाठी ही तीन वर्षांची फट फार कामाची आहे, तिचा उपयोग पुढे येईल.

दुसरी पायरी: भाव पाडून बघा

सोनं कधी पडत नाही, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. गेल्या काही वर्षांत तर तसंच वाटलं. 2025 च्या एप्रिलमध्ये 10 ग्रॅमच्या भावाने पहिल्यांदा 1 लाखाचा आकडा ओलांडला. पण जरा मागे जाऊ.

2012 मध्ये 10 ग्रॅम सोन्याचा सरासरी भाव साधारण 31 हजार होता. 2013 च्या एप्रिलमध्ये जागतिक बाजारात दोन दिवसांत सोनं जोरात कोसळलं, आणि 2015 पर्यंत आपल्याकडचा सरासरी भाव साधारण 26 हजारांवर आला. कागदावर ही घसरण सोळा टक्क्यांची दिसते, फार भयानक वाटत नाही. आता त्याच तीन वर्षांत फी 8 टक्क्यांनी वाढत गेली असं धरा. 2012 मध्ये 31 हजार असलेली फी 2015 मध्ये 39 हजार झाली. म्हणजे ज्या फीसाठी 2012 मध्ये 10 ग्रॅम पुरत होते, तिच्यासाठी 2015 मध्ये 15 ग्रॅम मोडावे लागले असते. जवळ 10 ग्रॅमच असतील तर फीचा एक तृतीयांश भाग उघडा पडला असता.

शिक्षणासाठी सोन्याची खरी जोखीम मोजायची ती अशी. भाव किती पडला एवढं बघून भागत नाही, फीच्या तुलनेत तो किती मागे राहिला हे बघायचं. आणि रुपयातला भाव तीन गोष्टींवर हलतो हेही लक्षात ठेवा: जगातला डॉलरमधला भाव, डॉलर-रुपयाचा दर आणि आपलं आयात शुल्क. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सरकारने हे शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणलं, आणि जगात सोनं होतं तिथेच असताना आपल्याकडचा भाव त्याच दिवशी 10 ग्रॅममागे हजारोंनी खाली आला. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये, अर्थसंकल्पही त्या वर्षी जुलैत. ज्यांनी फीसाठी सोनं त्याच आठवड्यात मोडायचं ठरवलं असेल, त्यांना हा फटका थेट बसला.

आता तुमच्या घराकडे या. ताईला मी एवढंच विचारलं, "प्रवेशाच्या वर्षी सोन्याने दगा दिला तर घरातून किती रुपये उभे करता येतील? दागिने न मोडता, पतपेढीत न जाता." तिने विचार केला. भाऊजींचा दिवाळीचा बोनस, 65 हजार. शैक्षणिक कर्ज, लेकीच्या डोक्यावर 1 लाखापेक्षा जास्त नको असं तिचं म्हणणं. एकूण 1 लाख 65 हजार.

वाईट वेळी सोन्याच्या वाट्यातला एक तृतीयांश उघडा पडतो, आणि आपण भरून काढू शकतो 1 लाख 65 हजार. म्हणजे सोन्याचा वाटा त्याच्या तिप्पट, साधारण 5 लाख. एकूण 16 लाख 70 हजारांपैकी 5 लाख म्हणजे 30 टक्के. ताईच्या योजनेला पेलवणारं सोनं एवढंच. ज्या घरात दोघांच्या पक्क्या नोकऱ्या आहेत आणि कर्जाची अडचण नाही, तिथे हा आकडा मोठा निघेल. जिथे बोनस नाही, कर्ज नको आणि घरभाडं डोक्यावर आहे, तिथे तो शून्याजवळ जाईल. तो उत्तराचा भाग आहे, त्यावर नाराज होऊ नका. मी कोणालाही सरसकट टक्केवारी सांगत नाही ती याचमुळे.

एक अपवाद सांगून ठेवतो. मूल परदेशी शिकायला जाणार असेल तर फी परकी चलनात असते. रुपया घसरला की फी महागते, पण त्याच कारणाने आपल्याकडे सोनंही महागतं. त्या बाबतीत सोनं फीच्या बाजूने चालतं, म्हणून तिथे वाटा थोडा वाढवायला हरकत नाही. मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या कॉलेजसाठी हा आधार नाही.

तिसरी पायरी: घरातल्या दागिन्यांचं काय ते आधीच ठरवा

ताईचं मंगळसूत्र, पाटल्या आणि सासूबाईंची ठुशी यातलं काहीही ती फीसाठी मोडणार नाही. मग ते योजनेत धरायचंच नाही. उलट तुम्ही एखादा दागिना खरंच मोडणार असाल तर तो धरा, पण आजच जवळच्या मशीनवर शुद्धता बघून, खड्यांचं आणि लाखेचं वजन वजा करून, त्यावर आणखी 2-3 टक्के घट धरून. आणि तो तुमच्या 5 लाखांच्या आतच मोजा. दागिने वेगळे आणि गुंतवणुकीचं सोनं वेगळं असं मनात ठेवलं की नकळत अर्धी योजना सोन्यात जाते.

जुन्या पावत्या बघताना एक गोष्ट तपासा. आज तोळा म्हणजे 10 ग्रॅम असं आपण बोलतो, पण आजीच्या काळातल्या पावतीवरचा तोळा 11.66 ग्रॅमचा असू शकतो. पावत्या जपून ठेवा, विकताना कराच्या हिशोबाला खरेदीची किंमत लागते.

चौथी पायरी: कुठल्या रूपात घ्यायचं

दागिन्यांपासून सुरू करू, कारण सगळ्यांचं मन तिथेच ओढतं. 1 लाखाच्या सोन्याची चेन घेतली आणि घडणावळ 12 टक्के लागली तर 12 हजार, त्या एकूण 1 लाख 12 हजारांवर 3 टक्के जीएसटी म्हणजे 3 हजार 360. बिल होतं 1 लाख 15 हजार 360. तीच चेन दुसऱ्या दिवशी विकायला नेली तर सोन्याच्या किमतीतून 2 टक्के कापून हातात येतात 98 हजार. नुसतं आपलं मुद्दल परत मिळवायला भाव जवळपास 18 टक्के वाढावा लागतो. नक्षीकामाचा दागिना असेल तर घडणावळ 20 टक्क्यांच्याही वर जाते. दागिना अंगावर घालायला घ्या, त्याचा आनंद त्या पैशांत आहे. फीसाठी घेऊ नका. घेतलाच तर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक आहे ना ते बघा आणि बीआयएस या सरकारी मानक संस्थेच्या `BIS Care` अॅपवर तो टाकून सराफाचं नाव आणि शुद्धता जुळते का ते दुकानातच तपासा.

नाणी आणि वळी त्यापेक्षा बरी. त्यांवर घडणावळ कमी आणि सोनं 24 कॅरेटचं. तरी 3 टक्के जीएसटी जातोच, आणि विकताना घटही. ते घरात ठेवायचं की लॉकरमध्ये हा प्रश्न राहतो, आणि मुंबईत लॉकरसाठी बँकेत नंबर लावावा लागतो. एक फसगत नेहमी होते: बँकेतून नाणं महाग भावाने घेतात, बँकेचं आहे म्हणून. पण बँका नाणी विकतात, परत घेत नाहीत. मोडायला शेवटी सराफाकडेच जायचं.

सराफाच्या मासिक योजनेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मुंबई-ठाण्यात ती घराघरात आहे. अकरा महिने हप्ते भरा, बाराव्याला सराफ सूट देतो किंवा हप्ता भरतो. योजना अकरा महिन्यांचीच का? कंपनीने मालासाठी आगाऊ घेतलेले पैसे 365 दिवसांच्या आत मालात उतरवले नाहीत तर कायद्याने ती ठेव धरली जाते, आणि ठेवी घ्यायची परवानगी सराफाकडे नसते. म्हणजे ती योजना कायद्याच्या नजरेत बचत नाही, खरेदीची आगाऊ रक्कम आहे. तिला बँक ठेवीसारखं विमा संरक्षण नाही. शेवटी रोख मिळत नाही, दागिनाच घ्यावा लागतो, म्हणजे घडणावळ परत आलीच. आणि दुकानाला टाळं लागलं तर ठेवीदार पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेच्या दारात उभे राहतात. असे प्रकार आपल्याकडे झाले आहेत. माझ्या सोसायटीतल्या दोन घरांचे हप्ते एका दुकानात अडकले, अजून मिळालेले नाहीत. लग्नाच्या दागिन्यासाठी, ओळखीच्या दुकानात, एका वर्षासाठी कोणी ही योजना घेतली तर समजू शकतो. आठ वर्षांच्या शिक्षणासाठी नाही.

मोबाइल अॅपवरचं डिजिटल सोनं दहा रुपयांपासून घेता येतं म्हणून सोपं वाटतं. त्यावर 3 टक्के जीएसटी लागतो, खरेदी-विक्रीच्या भावातही काही टक्क्यांचं अंतर असतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यावर सेबीची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाची, देखरेख नाही, आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्ये सेबीने लोकांना तसा जाहीर इशाराही दिला. लेकराच्या फीचा पैसा तिथे ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सार्वभौम सुवर्ण रोखे, म्हणजे सरकारचे गोल्ड बॉण्ड, 2015 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. आठ वर्षांची मुदत, वर षाण्मासिक व्याज. पहिल्या खेपेतला रोखा ग्रॅमला 2,684 रुपयांना निघाला आणि 2023 मध्ये 6,132 रुपयांना परत घेतला गेला. शिक्षणासाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. पण 2024 च्या फेब्रुवारीतल्या खेपेनंतर सरकारने नवे रोखे आणलेले नाहीत. जुने रोखे शेअर बाजारात मिळतात, मात्र तिथे व्यवहार विरळ असतो, कधी सोन्याच्या भावापेक्षा महाग पडतात. मुदतपूर्तीची करमाफी दुसऱ्याकडून घेतलेल्या रोख्याला मिळेलच असं धरून चालू नका. ज्यांच्याकडे मूळ खरेदीचे रोखे आहेत त्यांनी ते आपल्या फीच्या वर्षाशी जुळतात का ते बघून तसेच ठेवावेत.

उरले गोल्ड ईटीएफ आणि गोल्ड म्युच्युअल फंड. ताईसाठी आम्ही यातलंच निवडलं.

ईटीएफ म्हणजे फंड कंपनी शुद्ध सोनं खरेदी करून तिजोरीत ठेवते आणि त्याचे छोटे वाटे शेअर बाजारात विकते. आपल्याकडे हे 2007 पासून आहे. वाटा घेताना जीएसटी लागत नाही, घडणावळ नाही, चोरीची धास्ती नाही. खर्च असतो तो वर्षाच्या व्यवस्थापनाचा, जो एक टक्क्याच्या आत असतो आणि फंडाच्या किमतीतूनच वळता होतो. वर्षाला अर्धा टक्का धरला तरी आठ वर्षांत 4 टक्के. हा खर्च दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका, पण चेनच्या 18 टक्क्यांसमोर तो फार कमी आहे. ईटीएफसाठी डीमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, लागतं. घेताना एक काळजी घ्या: काही ईटीएफमध्ये व्यवहार कमी होतात आणि भाव उसळलेल्या दिवशी लोक खऱ्या किमतीपेक्षा जास्त मोजतात. फंड कंपनीच्या साइटवर `iNAV` नावाचा आकडा असतो, ती त्या क्षणाची खरी किंमत. त्याच्या आसपासच्या भावाची लिमिट ऑर्डर टाका, म्हणजे ठरवलेल्या भावापेक्षा जास्त मोजावं लागत नाही.

ताईकडे डीमॅट नाही आणि तिला बाजाराच्या वेळेत फोन बघत बसायचं नाही. म्हणून तिच्यासाठी गोल्ड फंड. हा फंड आपले पैसे ईटीएफमध्येच घालतो, त्यामुळे दोन्हीचा मिळून खर्च किंचित जास्त. पण एसआयपी, म्हणजे महिन्याचा ठरलेला हप्ता, बँकेतून आपोआप जातो. निवडताना तीन गोष्टी बघा. डायरेक्ट प्लॅन घ्या, रेग्युलरमध्ये एजंटचं कमिशन असतं. योजनेच्या माहितीत पैसे "गोल्ड ईटीएफ"मध्ये जातात असं लिहिलंय ना ते वाचा, कारण सोन्याच्या खाणींच्या कंपन्यांचे शेअर घेणारे फंडही नावात गोल्ड लावतात आणि त्यांची चाल शेअरसारखी असते. आणि फंड आकाराने मोठा, जुना असावा.

कराचं थोडक्यात: गोल्ड फंड किंवा प्रत्यक्ष सोनं 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं, ईटीएफ 12 महिन्यांपेक्षा जास्त, की नफ्यावर 12.5 टक्के कर आणि वर उपकर. त्याआधी विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या दराने कर. शेअर फंडांना मिळणारी 1 लाख 25 हजारांची सूट सोन्याला नाही, हे बरेच जण विसरतात आणि फीच्या रकमेत तेवढी तूट येते.

पाचवी पायरी: महिन्याला किती, आणि कोणाच्या नावावर

सोन्याची वाढ आम्ही वर्षाला 7 टक्के धरली. गेल्या दोन-तीन वर्षांची वाढ बघून 15-20 टक्के धरायचा मोह होतो. तसं धरलं तर हप्ता छोटा दिसतो आणि शेवटी खड्डा मोठा पडतो. 7 टक्क्यांनी आठ वर्षांत 5 लाख व्हायला महिन्याला साधारण 3,900 रुपये लागतात. ताईने 4 हजार धरले, पगार झाल्यावर 7 तारखेला. उरलेले 11 लाख 70 हजार पीपीएफ आणि शेअर फंडातून उभे करायचे आहेत, त्यांचा हप्ता साधारण 8,350 निघाला. तो वेगळा विषय आहे.

आता नावाची गोष्ट. आईबापाला वाटतं गुंतवणूक लेकीच्याच नावावर असावी. गोल्ड फंड अल्पवयीन मुलीच्या नावावर पालकांच्या सहीने काढता येतो. पण मुलगी 18 वर्षांची झाली की ते खातं थांबतं. एसआयपी बंद, विक्री बंद, जोवर तिचं पॅन, केवायसी, तिच्या नावाचं बँक खातं आणि सहीची पडताळणी होत नाही तोवर. आणि 18 वर्षं नेमकी कधी पूर्ण होतात? बारावी-प्रवेशाच्या धावपळीत. कागदपत्रं पूर्ण व्हायला आठवडे गेले तर फीची तारीख निघून जाते. करातही काही फायदा नाही, अल्पवयीन मुलाचं असं उत्पन्न आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवलं जातं. म्हणून ताईने फंड स्वतःच्या नावावर घेतला, लेक नॉमिनी. ज्यांनी आधीच मुलांच्या नावावर काढला आहे त्यांनी अठराव्या वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधीच पॅन आणि बँक खात्याची तयारी करून ठेवावी.

सहावी पायरी: सोन्यातून वेळेत बाहेर पडा

एसआयपी सुरू केली की भाव पडण्याची भीती नाही असं सांगितलं जातं. सुरुवातीच्या वर्षांत ते खरं आहे. मुलगी सहावीत असताना भाव पडला तर त्याच 4 हजारांत जास्त सोनं येतं, उलट बरंच. पण मुलगी बारावीत असताना भाव पडला तर सात-आठ वर्षांत जमलेली सगळी रक्कम पडते आणि नवा हप्ता त्यापुढे चिमूटभर असतो. म्हणून पहिल्या पायरीतले ते चार आकडे आता काढा.

ताईचा नियम असा: प्रत्येक वर्षाच्या फीतला सोन्याचा भाग त्या फीच्या दोन वर्षं आधी विकून बँकेच्या एफडीत टाकायचा. मुलगी अकरावीत गेली की जमलेल्या सोन्याचा पाव हिस्सा विकायचा, तो पहिल्या वर्षासाठी. बारावीत गेली की उरलेल्याचा तिसरा हिस्सा, दुसऱ्या वर्षासाठी. कॉलेज सुरू झालं की उरलेल्याचा अर्धा, आणि पुढच्या वर्षी सगळं. अकरावीपासूनचा 4 हजारांचा हप्ताही सोन्याऐवजी आरडीत वळवायचा. विकण्याचा महिना आम्ही जून ठरवून ठेवला आहे, वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने. त्या जूनमध्ये भाव चढत असो की पडत असो, विकायचं. "अजून थोडा वाढेल" असं म्हणून थांबलेल्यांना मी बघितलंय. विकल्यानंतर भाव वाढला तर जीव हळहळेल, पण फी भरलेली असेल.

भाऊजींनी यावर शंका काढली, "पण तीन-चार वर्षांतच भाव दुप्पट झाला तर?" प्रश्न रास्त आहे. तसं झालं तर सोन्याचा वाटा 30 टक्क्यांवरून आपोआप फुगतो आणि जोखीमही तेवढीच वाढते. म्हणून दर वर्षी जूनमध्ये वही उघडून एकदा बघायचं. सोनं आणि बाकीचं मिळून जेवढं जमलं आहे त्यात सोनं 40 टक्क्यांच्या वर गेलं असेल तर वरचं विकून पीपीएफमध्ये किंवा एफडीत. 20 टक्क्यांच्या खाली आलं तर मात्र घाईने भरायचं नाही, हप्ता चालू आहे तेवढा पुरे.

सातवी पायरी: प्रवेशाच्या महिन्यांत

बारावीचा निकाल साधारण मे महिन्यात लागतो, सीईटीचा जूनच्या सुमारास, आणि मग सीईटी सेलच्या कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या सुरू होतात. फेरीत सीट लागली की ती निश्चित करायला आणि कॉलेजात फी भरायला मोजकेच दिवस मिळतात. एफडी मोडून पैसे त्याच दिवशी खात्यात येतात. गोल्ड फंड विकला तर काही कामकाजाचे दिवस जातात, मध्ये शनिवार-रविवार आले की अजून. म्हणून पहिल्या वर्षाची फी मे अखेरपर्यंत बचत खात्यात किंवा त्याच बँकेच्या एफडीत हवी, आणि त्या बँकेची ऑनलाइन पैसे पाठवण्याची दिवसाची मर्यादा फीपेक्षा जास्त आहे ना तेही एप्रिलमध्येच बघून ठेवा. थोरल्याच्या वेळी ताईचे पैसे आले, पण मर्यादा 2 लाखांची निघाली आणि भाऊजींना सकाळी बँकेच्या शाखेत रांग लावावी लागली.

इतकं करूनही सोनं नेमकं पडलेलं असेल आणि रक्कम कमी पडत असेल तर घाबरून उरलेलं सगळं मोडू नका. त्या वर्षाची तूट भरायला शैक्षणिक कर्ज आहे. बँकांच्या ठरलेल्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. अर्ज सीट लागल्यावर नाही, सीईटी झाली की बँकेत जाऊन चौकशी करून कागद गोळा करा. दागिने असतील तर सोनं तारण कर्ज काही महिन्यांपुरतं चालतं, पण ते दागिन्यांवर मिळतं, गोल्ड फंडावर किंवा ईटीएफवर नाही. आणि त्याचं व्याज वर्षभर थकत ठेवलं की दागिना लिलावात जातो, म्हणून ते फेडायची तारीख घेण्याआधी ठरवा.

ताईच्या वहीत सध्या पहिल्या पानावर चार फी, चार जून आणि एक आकडा आहे: 1 लाख 65 हजार. बोनस बंद झाला किंवा भाऊजींची नोकरी बदलली तर तो आकडा खोडून नवा लिहायचा आणि त्याच्या तिप्पटीपेक्षा जास्त असलेलं सोनं त्याच महिन्यात कमी करायचं, असं तिने त्याखाली लिहून ठेवलंय.